लाईट गेली की अर्ध्या तासात राउटर आणि मिनी सर्व्हर बंद पडतो: छोट्या यूपीएसच्या बॅकअपचा हिशोब

तक्रार नेहमीचीच आहे. दुकानातून ६०० व्हीएचा यूपीएस आणला, सुरुवातीला सगळं छान चाललं. मग पावसाळा आला, दिवसातून दोनदा-तीनदा लाईट जाऊ लागली आणि एक दिवस लक्षात आलं की सर्व्हर जेमतेम अर्धा तास तग धरतो. माझा चुलतभाऊ नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, त्याची द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे. बागेतल्या सेन्सरवरून हवेतली आर्द्रता आणि पानावरच्या ओलाव्याचे आकडे घरच्या मिनी सर्व्हरवर येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस आला, तर डाऊनी रोगाची फवारणी आज घ्यायची की उद्या, हे तो त्या आकड्यांवरून ठरवतो. पाऊस आला की शहरात लाईट जाते, म्हणजे नेमके हवे तेच तास नोंदीतून गायब. "दादा, ६०० व्हीए म्हणजे मोठा असतो ना, मग अर्ध्या तासात कसा बसतो?" असं त्याने विचारलं. त्याच्या घरचंच उदाहरण घेऊन सगळा हिशोब मांडतो.

आधी एक गोष्ट पक्की करावी लागते: सर्व्हर लाईट जाताच त्या क्षणी बंद पडतो, की काही वेळ चालून मग पडतो? दोन्हींची कारणं वेगळी आहेत. त्यासाठी घड्याळ घेऊन बसायची गरज नाही. लिनक्सवर सर्व्हर पुन्हा चालू झाला की ही आज्ञा द्या:

```
journalctl -b -1 -n 1
```

मागच्या वेळी सर्व्हर चालू असताना झालेली शेवटची नोंद आणि तिची वेळ दिसते. लाईट किती वाजता गेली हे माहीत असलं की दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा खरा बॅकअप. जुन्या नोंदी सापडत नसतील, तर `/var/log/journal` हा फोल्डर बनवून सर्व्हर एकदा रिस्टार्ट करा, त्यानंतरच्या नोंदी टिकतात.

फरक जवळजवळ शून्य असेल, तर दोष बॅटरीच्या आकारात नाही. बॅटरी पूर्ण मेलेली आहे, किंवा सर्व्हरचा प्लग यूपीएसच्या फक्त सर्ज संरक्षण देणाऱ्या सॉकेटमध्ये आहे (काही यूपीएसवर एक-दोन सॉकेट तशी असतात), किंवा तुम्ही यूपीएसऐवजी घरच्या इन्व्हर्टरवर विसंबून आहात. पंखे-दिव्यांसाठी बसवलेल्या इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे बहुधा एक स्विच असतो. तो साध्या मोडवर असेल, तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इतका वेळ जातो की राउटर आणि मिनी पीसी रिस्टार्ट होतात. तो यूपीएस मोडवर टाकला की बऱ्याच घरांत प्रश्न तिथेच मिटतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्याच्या पुढे यूपीएस जोडूनही उपयोग होत नाही. यूपीएसला ती वीज पसंत पडत नाही, तो स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि घरात दिवे लागलेले असतानाही रिकामा होतो.

भावाच्या नोंदीत फरक निघाला ३५ मिनिटांचा. म्हणजे यूपीएस काम करत होता, पण त्याच्यात दम नव्हता.

पुढचं काम म्हणजे भार मोजणं. अडॅप्टरवर छापलेला आकडा भार म्हणून धरू नका. राउटरच्या अडॅप्टरवर "१२ व्होल्ट १.५ अँपिअर" लिहिलेलं असतं, म्हणजे तो जास्तीत जास्त १८ वॅट देऊ शकतो. राउटर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास घेतो. मिनी पीसीच्या ६५ वॅटच्या अडॅप्टरचंही तसंच. सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर विकत किंवा मागून आणा आणि एकेक वस्तू त्यावर दिवसभर ठेवा. भावाकडे फायबरची तार जिथे येते तो डबा, म्हणजे ओएनटी, ६ वॅट, राउटर ८ वॅट, मिनी पीसी सरासरी १६ वॅट आणि त्याला लावलेली यूएसबी हार्ड डिस्क २ वॅट निघाली. एकूण ३२ वॅट. ३६० वॅट देऊ शकणाऱ्या यूपीएसला हा भार काहीच नाही, आणि इथेच माणूस फसतो.

व्हीए किंवा वॅटचा आकडा सांगतो की यूपीएस एका वेळी किती ओझं उचलू शकतो. ते किती वेळ उचलेल हे आतल्या बॅटरीवर ठरतं. टाकीला केवढी मोठी तोटी आहे यावरून टाकीत पाणी किती हे कळत नाही, तसंच. ६०० व्हीएच्या बहुतेक यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची, म्हणजे ७ अँपिअर-तासांची, एकच सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. मग ८४ भागिले ३२ म्हणजे अडीच तासांहून जास्त, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ते मिळत नाही. त्याला दोन कारणं आहेत आणि छोट्या भाराला ती दोन्ही जास्त झोंबतात.

पहिलं कारण यूपीएसचा स्वतःचा खर्च. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून २३० व्होल्ट बनवताना आतला ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट साधारण १० ते १५ वॅट खातात, बाहेर काही जोडलेलं नसलं तरी. ३०० वॅटच्या भारावर हे १३ वॅट जाणवतही नाहीत. आपल्या ३२ वॅटच्या भारावर मात्र बॅटरीवरचं ओझं एकदम ४५ वॅटवर जातं. म्हणूनच "यूपीएस ८० टक्के कार्यक्षम आहे" असं धरून केलेला हिशोब इतक्या छोट्या भाराला लागू पडत नाही. टक्केवारी न धरता सरळ १३ वॅट मिळवा.

दुसरं कारण लेड-ॲसिड बॅटरीचा स्वभाव. तिच्यावर छापलेले ७ एएच हे २० तास हळूहळू, म्हणजे ०.३५ अँपिअरने वीज काढली तरचे आहेत. आपण ४५ वॅट, म्हणजे पावणेचार अँपिअर ओढतो. इतक्या वेगाने काढलं की तीच बॅटरी चार-साडेचार एएच देऊनच हात टेकते. मी घाईच्या हिशोबाला असे गुणक धरतो: बॅटरी तासाभरात संपणार असेल तर छापील क्षमतेच्या ०.६ पट, दोन तासांत संपणार असेल तर ०.७, पाच तास चालणार असेल तर ०.८५.

```
तास = व्होल्ट × एएच × गुणक ÷ (भार + यूपीएसचा खर्च)

नवी बॅटरी:  12 × 7 × 0.6 ÷ (32 + 13) = 1.12
```

म्हणजे नव्या बॅटरीवरही ६५ ते ७० मिनिटंच. गुणक आधी कोणता धरायचा असा प्रश्न पडेल. एक धरून बघा, आलेला वेळ त्या गुणकाशी जुळत नसेल तर बदला.

आता ७० ची ३५ मिनिटं कशी झाली? भावाची बॅटरी अडीच वर्षांची होती. अशा बॅटऱ्यांचं आयुष्य २०-२५ अंशांच्या तापमानाला मोजलेलं असतं, आणि सतत ८ ते १० अंश जास्त उष्णतेत राहिली की ते निम्म्यावर येतं. नाशिकचा उन्हाळा आता चाळिशीला टेकतो आणि त्याचा यूपीएस टीव्हीच्या बंद कपाटात, राउटरच्या शेजारी होता. बॅटरी म्हातारी झाली की एएच कमी होतात, शिवाय आतला रोध वाढतो, त्यामुळे भाराखाली व्होल्टेज लवकर कोसळतं आणि यूपीएस वेळेआधीच बंद होतो. तपासायचं असेल तर रात्रभर चार्ज करून यूपीएसचा प्लग काढा आणि नेहमीच्या भारावर मल्टिमीटरने बॅटरीचं व्होल्टेज बघत रहा. चांगली बॅटरी बराच वेळ १२ च्या आसपास राहते. दहा मिनिटांतच साडेअकराखाली गेली, तर तिचे दिवस भरले.

बॅटरीला दोष देण्याआधी आणखी एक बघा. दिवसातली पहिली लाईट गेली तेव्हा यूपीएस पूर्ण वेळ टिकतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लवकर बसतो, असं होतं का? तसं असेल तर बॅटरी धड आहे, तिला भरायला वेळ मिळत नाहीये. या यूपीएसमधला चार्जर लहान असतो आणि रिकामी ७ एएचची बॅटरी भरायला ८ ते १० तास घेतो. दुपारी तासभर लाईट गेली आणि संध्याकाळी पुन्हा गेली, तर मध्ये फक्त काही भाग भरलेला असतो. म्हणून पावसाळ्यासाठी हिशोब करताना एका वेळी किती वेळ लाईट जाते एवढंच धरू नका, दिवसभरातल्या तासांची बेरीज धरा.

याच कारणाने यूपीएसला बाहेरून मोठी बॅटरी जोडायचा उद्योग मी कुणाला सुचवत नाही. १ अँपिअरच्या आतबाहेरचा चार्जर ४० एएचची बॅटरी दोन दिवसांतही धड भरत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं चालण्यासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर तासनतास तापत राहतो. लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बॅटरी बसवणं तर नकोच, कारण चार्जर तिच्यासाठी बनवलेला नाही.

भावाकडे आम्ही भार दोन ठिकाणी विभागला, आणि माझ्या मते छोट्या घरगुती सेटअपला हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे. ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचं २३० करायचं आणि अडॅप्टरने पुन्हा १२ करायचं, यात वीज वाया घालवण्याचं काही कारण नाही. बाजारात राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, आत लिथियम सेल असतात. त्याच्यावरचा आकडा मात्र नीट वाचा. "८८०० एमएएच" हे सेलच्या ३.७ व्होल्टला असतात, १२ व्होल्टला नाही. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साडेबत्तीस वॅट-तास, त्यातले १५ टक्के व्होल्टेज वाढवताना जातात, उरतात साधारण २७. वॅटमीटरवर दिसलेल्या १४ वॅटमध्ये दोन अडॅप्टरांचा खर्चही होता, तो वगळला की खरा भार १२ वॅटच्या आसपास. २७ भागिले १२, म्हणजे सव्वादोन तास.

या डब्यांत एक चूक इतकी सर्रास होते की थांबून सांगतो. राउटरचाच जुना १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर मिनी यूपीएसच्या मागे लावला जातो. तो अडॅप्टर जास्तीत जास्त १२ वॅट देतो, आणि ते सगळे ओएनटी आणि राउटरच खाऊन टाकतात. सेल भरायला काही उरतच नाही. नवा डबा कारखान्यातून भरलेला येतो, म्हणून पहिल्यांदा दोन तास चालतो आणि त्यानंतर दहा मिनिटांत बसतो. मग लोक डबा खराब म्हणून परत करतात. मागे १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लावा, मात्र डब्यावर तेवढा चालेल असं लिहिलेलं आहे ना ते बघून. जोडण्याआधी ओएनटी आणि राउटरच्या तळाचं लेबलही वाचा. काही ओएनटी ९ किंवा ५ व्होल्टचे असतात आणि त्यांना १२ दिले तर ते जळतात. पिनचा बाहेरचा व्यास सारखा दिसला तरी आतला २.१ आणि २.५ मिलिमीटर असा वेगळा असतो. सैल बसलेली पिन हलली की राउटर रिस्टार्ट होतो आणि संशय उगाच यूपीएसवर जातो.

मिनी पीसी या डब्यावर चालणार नाही. त्याला १९ किंवा २० व्होल्ट लागतात. तो आणि हार्ड डिस्क जुन्या ६०० व्हीएच्या यूपीएसवरच ठेवली, बॅटरी तेवढी बदलली. ७ एएचच्या जागी त्याच मापाची, म्हणजे १५१ बाय ६५ मिलिमीटरची, ९ एएचची बॅटरी बसते. दुकानात मागताना टर्मिनल बघून घ्या. ७ एएचला बहुधा ४.८ मिलिमीटर रुंदीची पट्टी असते, ९ एएचला ६.३. यूपीएसच्या वायरीचा लग अरुंद असेल तर तो दाबून बसवू नका, बदलून घ्या. जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि त्याचे पैसे किमतीतून वजा करतो. ती भंगारात किंवा घंटागाडीत टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड आहे.

```
12 × 9 × 0.7 ÷ (18 + 13) = 2.44
```

हिशोबाने अडीच तासांच्या जरा आत. मी अशा आकड्यातून आणखी पाचवा हिस्सा वजा करून वर्षभराने काय मिळेल ते धरतो, म्हणजे दोन तासांच्या आत.

नवाच यूपीएस घ्यायचा असेल तर एमजी रोडवरच्या दुकानात "किती व्हीए?" हा प्रश्न नंतर विचारा. पहिला प्रश्न: आत बॅटरी किती एएचची आणि किती? १००० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसमध्ये ७ एएचच्या दोन बॅटऱ्या असतात. म्हणजे १६८ वॅट-तास, पण स्वतःचा खर्चही जास्त, १८ वॅट धरा. भावाचा सगळा ३२ वॅटचा भार त्याच्यावर ठेवला असता तरी सव्वादोन तासांच्या आसपास मिळाले असते. ज्याला दोन डबे, दोन अडॅप्टर ही कटकट नको आहे त्याने हेच घ्यावं. दुसरी विचारायची गोष्ट: बॅटरी पूर्ण संपून बंद झाल्यावर लाईट आली की यूपीएस आपोआप चालू होतो, की बटण दाबावं लागतं? बटण दाबावं लागत असेल तर घराबाहेर असताना त्याचा उपयोग नाही. तिसरी: अगदी कमी भार असेल तर बॅटरीवर असताना तो "काही जोडलेलंच नाही" समजून बंद होतो का? वीज वाचवण्यासाठी काही मॉडेलांत ही सोय असते, आणि नुसता राउटर लावलेला असेल तर तीच आडवी येते. शुद्ध साइन वेव्हसाठी जास्त पैसे मोजायची गरज मात्र इथे नाही. ६५ वॅटपर्यंतचे मिनी पीसीचे आणि राउटरचे अडॅप्टर साध्या यूपीएसवर नीट चालतात.

हिशोब कितीही नीट मांडला तरी एकदा प्रत्यक्ष चाचणी घ्याच. आदल्या रात्रीपासून पूर्ण चार्ज होऊ द्या, सर्व्हरवरचा महत्त्वाचा डेटा दुसरीकडे काढून ठेवा, यूपीएसचा प्लग काढा आणि वर दिलेल्या आज्ञेने शेवटच्या नोंदीची वेळ बघा. भावाकडे २ तास ५ मिनिटं मिळाली. हिशोबापेक्षा कमी, पण चालण्याजोगी.

बॅकअप संपेपर्यंत सर्व्हर चालू ठेवायचा नसतो, तो त्याआधी स्वतःहून नीट बंद व्हायला हवा. नाहीतर डेटाबेस लिहिता लिहिता मध्येच तुटतो. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर `nut` हे पॅकेज टाका, ते बॅटरीची पातळी वाचून सर्व्हर बंद करतं. स्वस्त यूपीएसला बहुधा पोर्ट नसतो. तिथे एक साधी युक्ती चालते: वाय-फायचा स्मार्ट प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा, इन्व्हर्टर किंवा यूपीएसच्या लाईनवर नाही, आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा ठरवून द्यायचा. लाईट गेली की तो मरतो. राउटर उत्तर देतोय आणि प्लग देत नाही, म्हणजे लाईट गेली आहे.

```
#!/bin/bash
R=192.168.1.1    # राउटर
P=192.168.1.50   # भिंतीवरचा प्लग
n=0
while sleep 60; do
  if ping -c2 -W2 $P >/dev/null; then n=0
  elif ping -c2 -W2 $R >/dev/null; then n=$((n+1)); fi
  if [ $n -ge 75 ]; then
    rtcwake -m off -s 7200; exit
  fi
done
```

ही स्क्रिप्ट रूट म्हणून, सर्व्हिस करून चालू ठेवा. लाईट जाऊन साधारण ८० मिनिटं झाली की सर्व्हर बंद होतो. नुसतं `poweroff` न देता `rtcwake` का? समजा सर्व्हर नीट बंद झाला आणि पाच मिनिटांत लाईट आली. यूपीएस अजून चालूच होता, म्हणजे सर्व्हरची वीज कधी तुटलीच नाही. बायोसमध्ये "लाईट आली की चालू हो" असं ठरवलेलं असलं तरी तो चालू होणार नाही आणि रात्रभर तसाच पडून राहील. `rtcwake` त्याला दोन तासांनी उठवतो. तोपर्यंत लाईट आलीच नाही, तर उरलेली बॅटरी यूपीएसच्या स्वतःच्या खर्चात संपते, यूपीएस बंद होतो आणि मग बायोसची ती सेटिंग आपलं काम करते. ती सेटिंग मात्र आठवणीने चालू करा, नवीन मिनी पीसीत ती बहुतेक वेळा बंद असते.

एवढं करूनही लाईट गेल्यावर पाच-दहा मिनिटांत इंटरनेट जात असेल, तर ओएनटीकडे बघा. ओएनटी आणि राउटर दोन्ही चालू आहेत पण एलओएसचा दिवा लाल झाला आहे, तर पलीकडून प्रकाशच येत नाही: ऑपरेटरच्या केंद्रातली वीज गेली आहे किंवा तार तुटली आहे. काही इमारतींत फायबर घरापर्यंत येत नाही. जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या पेटीत ऑपरेटरचा स्विच असतो आणि तिथून साधी केबल घरात येते. त्या पेटीला इमारतीच्या कॉमन मीटरवरून वीज मिळते, तिला बॅकअप नसला की आपल्या घरी कितीही तास जपून ठेवले तरी लाईन मरते. त्या पेटीत असाच १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस बसवायला ऑपरेटरला सांगता येतं, आणि जिन्यातल्या सगळ्या ग्राहकांनी मिळून सांगितलं तर तो लवकर तयार होतो. भावाकडे फायबर थेट घरात येतं. तरीही फवारणीच्या दिवसांसाठी त्याने राउटरच्या यूएसबीला मोबाइलचा डोंगल लावून ठेवला आहे. डोंगल २-३ वॅट घेतो, म्हणजे मिनी यूपीएसचे सव्वादोन तास तो लावलेला असताना पावणेदोनच्या जरा वर येतात.